नीचेचा शनी षड्बलात पहिला कसा येतो?

सॉफ्टवेअरवर काढलेल्या पत्रिकेच्या मागच्या पानांत षड्बलाचा एक तक्ता असतो. सात ग्रह, सहा प्रकारची बलं, खाली बेरीज आणि बहुतेक वेळा शेजारी उभ्या पट्ट्यांचा आलेख. पुढची कुंडली लोक कौतुकाने बघतात, पण खरे प्रश्न या मागच्या पानावरून येतात. मध्यंतरी एक गृहस्थ आले होते. त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं, शनीच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गुरुजी, माझा शनी मेषेत, म्हणजे नीचेचा. मग इथे तो सगळ्यांपेक्षा उंच कसा? दोन्हीपैकी खरं काय?"

दोन्ही खरं आहे. पण त्यासाठी 'बलवान' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

ग्रह उच्चीचा, स्वगृहीचा, मित्रक्षेत्री किंवा नीचेचा आहे असं म्हणताना आपण त्याचा राशीशी संबंध सांगत असतो. तो कुणाच्या घरी उतरलाय आणि तिथे त्याला कसं वाटतंय, एवढंच त्यातून कळतं. षड्बलाचा प्रश्न वेगळा आहे. या ग्रहाकडे काम करून दाखवण्याची ताकद किती, हे ते मोजतं. त्यासाठी सहा दिशांनी माप घेतलं जातं. स्थानबल म्हणजे राशी आणि भावातली स्थिती. दिग्बल म्हणजे आकाशातली दिशा. कालबल म्हणजे जन्माची वेळ, वार, पक्ष वगैरे. चेष्टाबल म्हणजे गती. नैसर्गिक बल म्हणजे ग्रहाचं मुळातलं तेज. आणि दृग्बल म्हणजे इतर ग्रहांच्या दृष्टी. उच्च-नीचपणा या सहांपैकी फक्त पहिल्यात मोजला जातो, आणि तिथेही तो एका हिश्श्यापुरताच असतो. बाकी पाच बलांना ग्रह कुठल्या राशीत आहे याचं काही देणंघेणं नसतं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी एक तारीख घेतो. ती कुणाच्या पत्रिकेतली नाही, समजवायला सोपी म्हणून निवडलेली आहे. ६ नोव्हेंबर १९९९, शनिवार, सूर्योदयाची वेळ. त्या दिवशी शनी सूर्याच्या बरोबर समोर होता. सूर्य तुळेत १९ अंशांच्या पुढे आणि शनी मेषेत १९ अंशांच्या पुढे, साधारण १९ अंश ४० कलांवर, वक्री. शनीचा परमनीच बिंदू मेषेचे २० अंश. म्हणजे नीचपणाचा जो सगळ्यात खोल बिंदू, त्याच्यापासून शनी जेमतेम २० कला दूर होता. याहून नीच शनी सापडणं अवघड आहे.

आता हिशेब सुरू करू. षड्बलाचं एकक षष्ट्यंश, आणि ६० षष्ट्यंशांचं एक रूप होतं. मी खाली सगळीकडे षष्ट्यंशांतच आकडे देतो आहे.

स्थानबलातलं पहिलं उच्चबल. ग्रह परमनीच बिंदूपासून किती अंश दूर आहे ते मोजायचं आणि तीनने भागायचं. परमोच्चाला हे अंतर १८० अंश, म्हणून बल ६०. परमनीचाला शून्य. मधल्या प्रत्येक जागी प्रमाणात. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. राशी बदलली म्हणून उच्चबलात एकदम उडी पडत नाही, ते अंशाअंशाने चढतं-उतरतं. मेषेच्या १ अंशावरचा शनी आणि २० अंशांवरचा शनी, दोघेही बोलीभाषेत 'नीचेचे', पण पहिल्याचं उच्चबल सहाच्या वर जातं आणि दुसऱ्याचं शून्य. आपल्या शनीचं अंतर २० कला, म्हणजे एक तृतीयांश अंश. त्याला तीनने भागलं की ०.१ उरतं. साठपैकी शून्य म्हटलं तरी चालेल.

दुसरं सप्तवर्गज बल. राशी, होरा, द्रेष्काण, सप्तमांश, नवमांश, द्वादशांश आणि त्रिंशांश या सात वर्गांत ग्रह कुणाच्या घरात पडतो ते बघायचं. मूलत्रिकोणाला ४५, स्वगृहाला ३०, अधिमित्राला २२.५, मित्राला १५, समाला ७.५, शत्रूला ३.७५ आणि अधिशत्रूला १.८७५. मित्र-शत्रू ठरवताना नैसर्गिक मैत्री आणि त्या कुंडलीतली तात्कालिक मैत्री एकत्र करतात. ग्रहापासून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या घरातले ग्रह तात्कालिक मित्र, बाकीचे शत्रू. आपल्या शनीचं पुढे काय होतं बघा. मेष मंगळाची. मंगळ त्याचा नैसर्गिक शत्रू, आणि त्या दिवशी तो धनूत, म्हणजे शनीपासून नवव्या घरात, म्हणून तात्कालिकही शत्रूच. दोन्ही मिळून अधिशत्रू. होरा चंद्राची, चंद्र कन्येत म्हणजे सहावा, पुन्हा अधिशत्रू. द्रेष्काण सिंहेचा आणि सप्तमांशही सिंहेचा, सूर्य समोर सातवा, पुन्हा अधिशत्रू. द्वादशांश वृश्चिकेचा, परत मंगळ. फक्त नवमांश आणि त्रिंशांश बुधाच्या घरचे आणि तिथे बुध सम निघतो. सातपैकी पाच जागी शत्रूचं घर. सगळं मिळून सुमारे २४.

म्हणजे ग्रहाच्या प्रतिष्ठेविषयीचे जे दोन मुख्य कप्पे आहेत, त्या दोन्हींत शनीची वाताहत झाली आहे. इथपर्यंत कुंडलीचं पान आणि षड्बलाचं पान एकच सांगतं.

पण स्थानबल इथे संपत नाही. जन्म सूर्योदयाचा, म्हणून लग्न तूळ, सूर्याच्याच अंशावर. शनी बरोबर समोर, सप्तमात, म्हणजे केंद्रात. केंद्रातल्या ग्रहाला ६०, पणफरात ३० आणि आपोक्लिमात १५. शनीला पूर्ण ६० मिळाले. विषम राशीत आहे म्हणून १५. मधल्या द्रेष्काणात आहे म्हणून आणखी १५ (या शेवटच्या नियमात परंपरांमध्ये पाठभेद आहे, काही जण ते देणार नाहीत). स्थानबलाची बेरीज ११४ च्या आसपास आली, आणि तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या केंद्राचा आहे.

दिग्बल तर शनीच्या पदरात पडल्यासारखंच आलं. बुध-गुरूंना लग्नी दिग्बल मिळतं, सूर्य-मंगळाला दशमी, चंद्र-शुक्राला चतुर्थी आणि शनीला सप्तमी. शनी मावळतीच्या क्षितिजावर असला की त्याची दिशा पूर्ण. आपला शनी सप्तम भावमध्याला चिकटून आहे, म्हणून ६० पैकी ६०.

चेष्टाबल हा या तारखेचा गाभा. बाहेरचे ग्रह, म्हणजे मंगळ, गुरू आणि शनी, सूर्याच्या समोर येतात तेव्हाच वक्री असतात. त्याच वेळी ते पृथ्वीला सगळ्यात जवळ, आकाशात सगळ्यात तेजस्वी आणि रात्रभर दिसणारे असतात. प्राचीन गणितात चेष्टाकेंद्र नावाचं एक अंतर काढतात. ते १८० अंश झालं की चेष्टाबल पूर्ण ६०, आणि शून्य झालं, म्हणजे ग्रह सूर्याबरोबर अस्तंगत झाला, की शून्य. त्या दिवशी शनीचं चेष्टाकेंद्र जवळजवळ १८० भरतं आणि बल ५९.८ च्या घरात जातं. उच्चबल ०.१, चेष्टाबल ५९.८, एकाच ग्रहाला आणि एकाच क्षणी. ज्या गृहस्थांचा प्रश्न घेऊन मी बसलो आहे, त्याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

उरलेलं निम्मं कालबलात. यात बरेच छोटे-मोठे भाग असतात, मी आपल्या शनीला लागू होणारेच सांगतो. मध्यरात्री बलवान होणाऱ्या ग्रहांत शनी येतो, सूर्योदयाला त्याला अर्धे म्हणजे ३०. अमावास्येला दोनच दिवस उरले होते, आणि कृष्णपक्षात पापग्रहांचं पक्षबल वाढतं, म्हणून सुमारे ५२. उत्तर क्रांतीत होता, ते शनीला मानवत नाही, म्हणून अयनबल जेमतेम १०. आणि मग दोन घसघशीत देणग्या. वार शनिवार, म्हणून वारेशाचे ४५. शनिवारी सूर्योदयापासूनच्या पहिल्या तासाची होराही शनीचीच, म्हणून होरेशाचे ६०. वर्षेश आणि मासेशाचे १५ आणि ३० मी सोडून दिले आहेत, त्यांची गणना पद्धतीप्रमाणे बदलते. एकूण कालबल १९७ च्या जवळपास.

नैसर्गिक बल सगळ्यांना ठरलेलं असतं. साठाचे सात भाग करून तेजाच्या क्रमाने वाटलेत. सूर्याला ६०, मग चंद्र, शुक्र, गुरू, बुध, मंगळ, आणि शेवटी शनीला ८.५७. दृग्बलात समोरच्या सूर्याची पूर्ण दृष्टी, शिवाय मंगळ आणि क्षीण चंद्राचीही दृष्टी, म्हणून शनीचे साधारण २० वजा होतात.

आता बेरीज. ११४ स्थानबल, ६० दिग्बल, १९७ कालबल, ६० चेष्टाबल, साडेआठ नैसर्गिक, उणे २० दृग्बल. साधारण ४२०, म्हणजे सात रूपं. शनीला बलवान म्हणवून घ्यायला लागतात ३००. परमनीच बिंदूवरचा शनी गरजेच्या १४० टक्के बल घेऊन बसला आहे.

मग 'सर्वात बलवान कोण' हे कसं ठरवायचं? नुसती बेरीज बघितली तर याच पत्रिकेत बुध शनीच्या पुढे जातो. वृश्चिकेत द्वितीय भावात, बऱ्याच वर्गांत स्वगृही, आणि दिवसाच्या पहिल्या तृतीयांशाचा स्वामी म्हणून ६० जास्तीचे. त्याची बेरीज मला ५०० च्या थोडी वर मिळते. पण प्रत्येक ग्रहाची किमान गरज वेगळी आहे. बुधाला ४२० लागतात, सूर्य आणि गुरूला ३९०, चंद्राला ३६०, शुक्राला ३३०, मंगळ आणि शनीला ३००. म्हणून मिळालेल्या बलाला गरजेने भागून गुणोत्तर काढतात आणि क्रम त्यावर लावतात. बुधाचं गुणोत्तर १.२ च्या आसपास, शनीचं १.४. पहिला नंबर शनीचा. सूर्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्याची गरज काही जण ३९० धरतात, काही ३००. दोन सॉफ्टवेअरमध्ये सूर्याचा क्रमांक वेगवेगळा आला, तर पहिल्यांदा हे तपासा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

गुणोत्तर पहिलं आलं म्हणून इथे थांबणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं ती केली आहे. सर्वात उंच पट्टीचा ग्रह पत्रिकेचा राजा मानायचा आणि त्याच्या दशेची स्वप्नं दाखवायची. दशा आली, ग्रहाने जोर दाखवलाही, पण ज्या दिशेने दाखवला ती मी सांगितलेली नव्हती. तेव्हापासून मी बेरीज सोडून ती कशाकशाने झाली ते बघतो.

तेच आपल्या शनीला लावू. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसरं बाळ सूर्यास्ताला जन्मलं असं समजा. शनी मेषेत त्याच जागी, तितकाच नीच, तितकाच वक्री. लग्न मात्र आता मेष, शनी लग्नात. केंद्राचे ६० तसेच राहतात. दिग्बल शून्य होतं, कारण सप्तमात पूर्ण असलेलं बल समोरच्या लग्नात संपतं. वाराचे ४५ टिकतात, वार अजून शनिवारच आहे. पण सूर्यास्ताला होरा बुधाची असते, म्हणून होरेचे ६० जातात. बारा तासांत १२० षष्ट्यंश गेले आणि बेरीज ४२० वरून ३०० वर आली. बरोबर काठावर. राशीच्या भाषेत दोन्ही बाळांचा शनी एकच आहे. षड्बलाच्या भाषेत एकाचा शनी पत्रिकेतला पहिला, दुसऱ्याचा पास-नापासाच्या रेषेवर.

पराशरी परंपरेत नुसत्या बेरजेवर विसंबायला नकोच म्हटलं आहे. तिथे काही बलांना स्वतंत्र किमान मर्यादा दिल्या आहेत. शनी आणि मंगळासाठी स्थानबल ९६, दिग्बल ३०, चेष्टाबल ४०, कालबल ६७, अयनबल २०. सकाळचा शनी अयनबल सोडून सगळीकडे पास होतो. संध्याकाळचा शनी बेरजेने काठावर असला तरी दिग्बलात सरळ नापास. मी पत्रिका बघताना ही मर्यादांची ओळ बेरजेच्या आधी बघतो. बेरजेत एका बलाचा तोटा दुसऱ्याने भरून निघालेला असतो आणि आपल्याला ते दिसतही नाही.

आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे. बलवान आहे हे मान्य, पण नीच आहे त्याचं काय? यासाठी इष्टफल आणि कष्टफल अशी दोन मापं आहेत. ती फक्त उच्चबल आणि चेष्टाबलावरून काढतात. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की इष्टफल. दोघांची साठातून वजाबाकी करून, त्या उरलेल्यांचा गुणाकार आणि वर्गमूळ घेतलं की कष्टफल. ६ नोव्हेंबरच्या शनीला हे लावून बघा. इष्ट बाजूला ०.१ गुणिले ५९.८, वर्गमूळ साधारण २.४. कष्ट बाजूला ५९.९ गुणिले ०.२, वर्गमूळ साधारण ३.५. साठपैकी दोन-साडेतीन, दोन्हीकडे.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. ग्रह भरपूर काम करणार, पण ते निव्वळ सुखाचं की निव्वळ त्रासाचं, हे या दोन मापांवरून ठरवता येत नाही. उच्चीची ओढ आणि गतीची ओढ एकमेकींना छेद देताहेत. अशा शनीबद्दल 'नीच आहे, वाईट' म्हणणारा आणि 'षड्बलात पहिला, उत्तम' म्हणणारा, दोघेही अर्धं पान वाचताहेत. या शनीचं बल कष्टाने, उलट्या वाटेने, उशिरा कामाला येणारं, असं मी म्हणेन. तूळ लग्नाला तो चतुर्थ आणि पंचमाचा स्वामी, म्हणजे योगकारक. त्यामुळे त्याचं काम शिक्षण, घर आणि संततीच्या विषयांत दिसायला हवं. हे स्वामित्व षड्बलाच्या तक्त्यात कुठेच नसतं, ते कुंडलीवरूनच वाचावं लागतं. नीचभंगाचंही, म्हणजे नीचपणा रद्द होण्याचंही, तसंच. या पत्रिकेत मंगळ चंद्रापासून केंद्रात आहे आणि मेषेत उच्च होणारा सूर्य लग्नात आहे, म्हणजे नीचभंगाच्या अटी पुऱ्या होतात. पण त्यासाठी षड्बलात एकही षष्ट्यंश वाढत नाही. भंग झाला म्हणून उच्चबल ०.१ चं १ होत नाही.

तक्त्यात नसलेली तिसरी गोष्ट अस्त, म्हणजे ग्रह सूर्याच्या फार जवळ जाऊन दिसेनासा होणं, आणि तिच्यामुळे बुध-शुक्राच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. शनीसारखा बाहेरचा ग्रह अस्तंगत असला की त्याचं चेष्टाबल आपोआप शून्याकडे जातं, म्हणजे षड्बल अस्ताची दखल घेतं. बुध आणि शुक्र मात्र दोनदा अस्तंगत होतात. एकदा सूर्याच्या पलीकडे जाऊन, सरळ गतीत. दुसऱ्यांदा सूर्य आणि आपल्या मध्ये येऊन, वक्री गतीत. या दुसऱ्या वेळी चेष्टाबल जवळजवळ पूर्ण मिळतं. त्याच महिन्याचं उदाहरण आहे. १५ नोव्हेंबर १९९९ ला बुधाचं अधिक्रमण झालं. बुध सूर्यबिंबाच्या कडेवरून काळ्या ठिपक्यासारखा सरकला. याहून मोठा अस्त बुधाचा होऊच शकत नाही. आणि त्या दिवशी जन्मलेल्या बाळाच्या तक्त्यात बुधाचं चेष्टाबल ६० च्या आसपास, आलेखातली पट्टी ऐटीत उंच. म्हणून बुध किंवा शुक्र पहिला आला आणि वक्री दिसला, की मी ताबडतोब तो सूर्यापासून किती अंशांवर आहे ते बघतो. दोन-चार अंशांच्या आत असला तर त्या उंच पट्टीवर मी भरवसा ठेवत नाही.

राहू आणि केतू तर या गणितात मुळातच नाहीत. त्यांना बिंब नाही, म्हणून तेज आणि चेष्टेचा प्रश्नच येत नाही. 'माझा राहू षड्बलात कितवा' याला उत्तर नाही. त्याच्या राशिस्वामीचं बल बघावं.

शेवटी एक व्यावहारिक अडचण, जिच्यामुळे तक्ता सहज खोटा ठरू शकतो. वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. रविवारी पहाटे जन्मलेल्या मुलाचा वार षड्बलासाठी शनिवार. सॉफ्टवेअरने कॅलेंडरचा वार धरला असेल तर ४५ षष्ट्यंश चुकीच्या ग्रहाच्या खात्यात जातात, आणि होरा त्याच वारावरून मोजत असल्याने आणखी ६० ही चुकतात. तपासणं सोपं आहे. पहाटेच्या जन्माच्या तक्त्यात कालबलाच्या ओळीतले ४५ कुणाला दिलेत ते बघायचं आणि पंचांगातल्या वाराशी ताडून पाहायचं. होरा साधारण तासाला बदलते, म्हणून होरेच्या सीमेवर जन्मवेळेतली पाच मिनिटंही ६० षष्ट्यंश इकडचे तिकडे करतात.

त्या गृहस्थांच्या बाबतीत नेमकं तेच निघालं. जन्म रविवारी पहाटे ४ वाजून ५ मिनिटांचा, त्या दिवशीचा सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांचा. सॉफ्टवेअरने वार बरोबर शनिवारच धरला होता. शनिवारच्या चोवीस होरांपैकी बाविसावी पुन्हा शनीची असते, ती त्यांच्या जन्माआधी ५५ मिनिटं सुरू झाली होती आणि पुढच्या पाच मिनिटांत संपणार होती. त्यांच्या शनीची बेरीज ३४१ होती. त्यातून होरेचे ६० काढले की २८१ उरतात, म्हणजे गरजेपेक्षा कमी. वेळ त्यांनी आईच्या आठवणीवरून सांगितली होती, 'चारच्या सुमारास'. मी त्यांना दोन्ही बेरजा कागदावर लिहून दिल्या आणि म्हणालो, "दवाखान्याचा जन्मदाखला किंवा तेव्हाची एखादी नोंद घरात सापडते का बघा. ४ वाजून १० मिनिटांच्या अलीकडे जन्म असेल तर ही पट्टी तुमची. पलीकडे असेल तर ते ६० गुरूकडे गेले, आणि मग शनीच्या नीचपणाबद्दल आपल्याला वेगळं बोलावं लागेल."